वॉशिंग मशीनच्या पॉइंटआधी वायरिंग बदलून मागताना: घरमालकाला पत्र कसे लिहावे

लातुरात भाड्याने राहायला आले तेव्हा नळाला पाणी रोज येत नव्हते. कपडे हाताने धुवायला वेळ नव्हता आणि टॉप लोड मशीनला लागेल तेवढे पाणी साठवायला टाकी नव्हती. म्हणून कमी पाण्यात भागणारे फ्रंट लोड मशीन घेतले. त्या मशीनच्या पोटात पाणी तापवायचा हीटर असतो, याचा विचार घेताना माझ्या मनातही आला नव्हता. मशीन दारात आल्यावर इलेक्ट्रिशियन आला, मोरीतला बोर्ड उघडून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, पॉइंट काढून देतो की, अर्ध्या तासाचं काम आहे. पण ह्या वायरीवर मशीन लावली तर बोर्ड जळंल."

पॉइंट अर्ध्या तासाचा होता, पण त्यामागची वायर, अर्थिंग आणि मुख्य बोर्ड घरमालकांचे होते. ते काम मागायला मी तीन वेळा तोंडी बोलले आणि तिन्ही वेळा "बघू की" एवढेच ऐकले. शेवटी एक पानाचे पत्र लिहिले आणि बावीस दिवसांत काम झाले. ते पत्र आणि त्याआधीची तयारी इथे क्रमाने देते आहे.

१. आधी मशीनच्या मागची पाटी वाचा

मशीनच्या मागे किंवा दाराच्या आतल्या कडेला एक पाटी असते. तिच्यावर वॅट आणि कधी अँपिअर दिलेले असतात. माझ्या पाटीवर २०५० वॅट होते. त्याला २३० व्होल्टने भागले की जवळपास ९ अँपिअर येतात. हीटर चालू असताना मशीन एवढा करंट ओढते. नुसते ड्रम फिरत असताना काही शे वॅटच लागतात.

तुमचे मशीन हीटर नसलेले, म्हणजे साधे सेमी ऑटोमॅटिक किंवा टॉप लोड असेल, तर ते बहुधा दोन-तीन अँपिअरवर चालते. मग वायर बदलायचा आग्रह धरू नका. फक्त अर्थिंग आणि नीट सॉकेट मागा. गरज नसलेली मागणी पत्रात घातली की गरजेची मागणीही मालकांना फुगवलेली वाटते.

हीटर असलेल्या मशीनवरही थंड पाण्याचा प्रोग्रॅम असतो, तो लावा असे मालक सुचवतील. सल्ला चांगला आहे, वीजही वाचते. पण वायर त्या भरवशावर ठेवता येत नाही. घरातल्या कुणी एकदा चुकून गरम पाण्याचे बटण दाबले की संपले.

२. वायरिंग बघा, पण हात लावू नका

बोर्ड उघडायचे काम इलेक्ट्रिशियनचे. तुम्ही शेजारी उभे राहून बघायचे, विचारायचे आणि वहीत टिपायचे, कारण पत्रात हेच जाणार आहे. फोटोही त्याच वेळी काढा.

आमच्या घरात मीटरशेजारी लोखंडी मेन स्विच होता. त्याच्या पुढे चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज, एक फेजवर आणि एक न्यूट्रलवर. न्यूट्रलवरचा फ्यूज ही जुनी पद्धत आहे आणि धोक्याची आहे. तो उडाला की दिवे बंद होतात, आपल्याला वाटते वीज गेली, पण तारांमध्ये फेज तसाच असतो. फेजच्या फ्यूजमध्ये कुणीतरी जाड तार घातलेली होती, म्हणजे वारंवार उडायचा तो उडू नये याची सोय. तिथून मोरीपर्यंत दिव्याच्या लाइनवरूनच एकची वायर गेली होती. इलेक्ट्रिशियन लोक एक, दीड, अडीच म्हणतात ते तारेच्या आडव्या छेदाचे चौरस मिलिमीटर असतात. दिवे-पंख्यांना एक किंवा दीड पुरते. १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटला तांब्याची अडीच लागते, आणि तीही बोर्डापासून स्वतंत्र.

"त्याच पॉइंटवर इस्त्री चालते, मग मशीन का चालू नये?" हा प्रश्न तुम्हाला येणारच. मलाही आला. ७५० वॅटची इस्त्री सव्वातीन अँपिअर घेते, मशीन नऊ घेते, म्हणजे पावणेतीन पट. पण तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. त्यामुळे त्याच तारेत मशीनवर इस्त्रीच्या साधारण साडेसातपट उष्णता तयार होते. शिवाय त्या तारेत मधे कुठे चिकटपट्टी लावलेला सैल जोड असेल तर आधी तोच काळा पडतो. स्विच गरम लागणे, बोर्डातून जळका वास येणे, जड उपकरण लावले की बल्ब मंद होणे, ही त्याची लक्षणे.

मात्र संध्याकाळी आधीच व्होल्टेज कमी असेल आणि सगळ्या गल्लीचेच दिवे मंद असतील, तर दोष तुमच्या वायरीचा नाही. शेजाऱ्यांकडे डोकावून खात्री करा, नाहीतर पत्रात चुकीचा आरोप जाईल.

३. अर्थिंग बल्ब लावून तपासून घ्या

माझ्या मते वायरीहून हा भाग महत्त्वाचा आहे आणि लोक नेमका हाच सोडतात. मशीनमध्ये पाणी, लोखंडी अंग आणि वीज एकत्र असते. आत गळती झाली तर तो करंट अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायला हवा. ती तार नसेल तर तो ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसातून जातो.

तीन पिनचा सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असे नाही. आमच्याकडे वरच्या मोठ्या भोकाला तार जोडलेली होती. व्होल्टेज मोजायचा मीटर लावल्यावर फेज आणि अर्थिंगमध्ये व्होल्टेजही दिसला. पण मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे तुटक्या अर्थिंगवरही तो आकडा दाखवतो. म्हणून इलेक्ट्रिशियनने १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये लावला. फेज-न्यूट्रलवर लख्ख पेटणारा बल्ब इथे नुसता लालसर झाला. याचा अर्थ अर्थिंग नावालाच होती. ही चाचणी त्यालाच करू द्या, उघड्या तारांशी काम असते.

मागच्या अंगणात जाऊन पाहिले तर लोखंडी पाइपला बांधलेली तार क्लँपपाशी गंजून बारीक झाली होती आणि खड्डा एप्रिलमधल्या रानासारखा कोरडा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपापासून सुटते आणि अर्थिंग पावसाळ्यात चांगली, उन्हाळ्यात निकामी असे होते. पूर्वी घरातली मोठी माणसे उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची, ते उगीच नव्हते.

इथे एक सापळा आहे. "अर्थिंग नाही ना? न्यूट्रलवरून जोडून देतो, काही होत नाही," असे म्हणणारा एखादा भेटतो. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडू देऊ नका. पुढे कधी न्यूट्रल तुटला किंवा त्याचा फ्यूज उडाला, तर मशीनच्या पत्र्यावर थेट फेज येतो.

४. कामाचे दोन भाग करा

पत्राचा सगळा भार यावर आहे. मी तोंडी बोलत होते तेव्हा म्हणायचे, "काका, मशीनसाठी वायरिंग करून द्या." ते ऐकणाऱ्याला असे वाटते की भाडेकरणीने मशीन घेतले आणि खर्च माझ्या गळ्यात. त्यांचे चूकही नव्हते.

खरे तर ही दोन कामे आहेत. खराब अर्थिंग, न्यूट्रलवरचा फ्यूज आणि जुना बोर्ड ही घराची दुरुस्ती आहे. मी मशीन घेतले नसते तरी ती लागणारच होती आणि मी गेल्यावर घरातच राहणार आहे. मोरीतला नवा पॉइंट आणि तिथवरची वायर ही माझी सोय आहे. पहिल्याचा खर्च मालकांनी करावा, दुसऱ्याचा मी करेन, एवढे लिहिले आणि बोलण्याचा सूरच बदलला.

५. लेखी अंदाजपत्रक घ्या

परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून किंवा त्याच्या हाताखालच्या माणसाकडून अंदाज घ्या. बल्ब, स्विच, फ्यूज बदलणे वेगळे. नवी लाइन ओढणे हे नियमाने परवानाधारकाचे काम आहे, आणि पुढे मंजूर भार वाढवायचा झाला तर त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो. अंदाज दोन भागांतच लिहून मागा. माझा असा होता:

घराचे काम: चार एमसीबींचा डबा, त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ४,२०० रुपये. मेन स्विचपासून डब्यापर्यंत चारची वायर, ९०० रुपये. नवा अर्थिंग खड्डा, पाइप आणि तार, ३,८०० रुपये. मजुरी २,००० रुपये. एकूण १०,९०० रुपये.

माझे काम: १४ मीटर अंतरावर अडीचच्या तीन वायरी, म्हणजे ४२ मीटर, १,६०० रुपये. केसिंग पट्टी ५००, स्विचसह १६ अँपिअरचा सॉकेट ४००, १६ अँपिअरचा एमसीबी २५०, मजुरी ७००. एकूण ३,४५० रुपये.

तुमच्या गावात आणि तुमच्या वेळी दर वेगळे असतील. आकड्यापेक्षा विभागणी बघा.

एमसीबी आणि आरसीसीबी यांतला फरक मालकांना सांगता यायला हवा, कारण "एक डबा पुरे की" असे उत्तर येते. एमसीबी वायरीला वाचवतो. वायर झेपेल त्यापेक्षा जास्त करंट गेला की तो पडतो. आरसीसीबी माणसाला वाचवतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही, मधे ३० मिलिअँपिअरच्या आसपास कुठेतरी गळला, की तो लाइन तोडतो. एक दुसऱ्याचे काम करत नाही.

६. सोबत काय जोडायचे

पत्राला या गोष्टी जोडा आणि प्रत्येकाची एक प्रत स्वतःकडे ठेवा:

- अंदाजपत्रक, दोन भागांत
- मेन बोर्ड, फ्यूज आणि अर्थिंगच्या क्लँपचे फोटो, मागे तारीख घालून
- मशीनच्या पाटीचा फोटो
- भाडेकराराची प्रत (दुरुस्तीचे कलम पेन्सिलने खुणावून)
- ताज्या वीजबिलाची प्रत

वीजबिलावर मंजूर भार बघा. जुन्या घरांत तो बऱ्याचदा १ किलोवॅट किंवा त्याहून कमी असतो आणि आपले मशीन एकटेच २ किलोवॅटचे. भार वाढवायचा अर्ज महावितरणकडे ग्राहकाने करायचा असतो, आणि बिल मालकांच्या नावावर असेल तर ग्राहक ते असतात. तुम्ही अर्ज करू शकत नाही. म्हणून ही विनंती पत्रातच घाला, नाहीतर सगळे काम झाल्यावर पुन्हा दारात जावे लागते.

७. पत्र

हे माझे पत्र, नावे आणि पत्ता काढून:

> दिनांक: ______
>
> प्रति,
> श्री. ______ (घरमालक)
> लातूर
>
> विषय: मुख्य बोर्ड व अर्थिंग बदलून मिळणे आणि मोरीत पॉवर पॉइंट घेण्यास परवानगी मिळणेबाबत.
>
> आदरणीय काका,
> स.न.वि.वि.
>
> मी आपल्या घराच्या तळमजल्यावर दोन वर्षांपासून भाड्याने राहते. घरी वॉशिंग मशीन घेतले आहे. त्याचा पॉइंट काढण्याआधी दि. ____ रोजी इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग तपासून घेतली. त्यात पुढील गोष्टी दिसल्या:
>
> १. मागच्या अंगणातील अर्थिंगची तार क्लँपजवळ गंजली आहे. बल्ब लावून पाहिले असता अर्थिंग काम करत नाही.
> २. मेन स्विचपुढे न्यूट्रलवर फ्यूज आहे व फेजच्या फ्यूजमध्ये जाड तार आहे.
> ३. मोरीपर्यंत दिव्याची एकची वायर आहे. मशीनला ९ अँपिअर लागतात, ती वायर त्यासाठी पुरेशी नाही.
>
> यातील १ व २ हे घराच्या सुरक्षिततेचे काम आहे. वरच्या मजल्यावरील आपला फ्रीज व मोटारही याच अर्थिंगवर आहेत. हे काम आपण करून द्यावे ही विनंती. अंदाजे खर्च १०,९०० रु.
>
> ३ साठी मोरीपर्यंत नवी वायर व पॉइंट मी माझ्या खर्चाने घेईन. अंदाजे खर्च ३,४५० रु. वायर केसिंग पट्टीतून जाईल, भिंत फोडावी लागणार नाही. घर सोडताना वायर व पॉइंट घरातच राहील, त्याचे पैसे मी मागणार नाही. या कामास आपली लेखी परवानगी द्यावी.
>
> वीजबिलावरील मंजूर भार वाढवण्याचा अर्ज आपल्या नावाने करावा लागेल. कागदपत्रे जमवायला मी मदत करेन.
>
> काम होईपर्यंत मी मशीन लावणार नाही. दि. ____ पर्यंत आपला निर्णय कळवावा. सोयीच्या वेळी इलेक्ट्रिशियनला घेऊन भेटायला येते.
>
> आपली,
> ______
>
> सोबत: अंदाजपत्रक, फोटो (४), भाडेकराराची प्रत, वीजबिलाची प्रत

वरच्या मजल्यावरच्या फ्रीजचे आणि मोटारीचे वाक्य घालायला मला इलेक्ट्रिशियनने सुचवले, आणि माझा अंदाज आहे की काकांनी पत्र तिथेच दुसऱ्यांदा वाचले. तुमच्या घरातही ती अर्थिंग कोण कोण वापरते ते आधी शोधा. खोटे मात्र लिहू नका, ते तपासतात.

"काम होईपर्यंत मशीन लावणार नाही" हे वाक्यही मोलाचे आहे. मधल्या काळात काही जळले तर दोष तुमच्यावर येत नाही. अर्थात, लिहिल्यावर ते पाळायला हवे. १६ अँपिअरची जाड पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवायचा कन्व्हर्टर बाजारात सहज मिळतो. तो पिनेचा आकार बदलतो, वायरीची ताकद नाही. एक्स्टेन्शन बोर्डाचेही तेच.

८. पत्र द्या आणि पोच घ्या

हातात द्या, दुसऱ्या प्रतीवर सही आणि तारीख घ्या. सही मागायला अवघड वाटते, विशेषतः मालक वडीलधारे असतील आणि काकूंनी चहा ठेवला असेल तर. मी म्हणाले, "काका, माझ्या फाइलला एक लागते," आणि त्यांनी केली. सही मिळाली नाही तर पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा आणि वर एक ओळ लिहा: आज हे पत्र दिले आहे.

पहिल्या पत्रात कायदा काढू नका. पण तो माहीत असू द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार करारात वेगळे ठरले नसेल तर घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे हे मालकाचे काम आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. माझे भाडे महिना ७,५०० रुपये, म्हणजे वर्षाचे ९०,००० आणि मर्यादा २२,५००.

यातही दोन अडथळे आहेत. दुरुस्ती भाडेकरूने करायची असे करारात लिहिले असेल तर हे लागू होत नाही. आणि तुमचा करार "भाडेपट्टा" नसून अकरा महिन्यांचा "लिव्ह अँड लायसन्स" असेल, तर तुम्ही कायद्याने भाडेकरू नसता. मग करारातली कलमे काय म्हणतात त्यावरच सगळे ठरते. म्हणून भाडे कापायच्या आधी करार वकिलाला दाखवा. नवा पॉइंट तर दुरुस्तीत मोडतच नाही, त्याचे पैसे या कलमाखाली मागू नका.

आमचे प्रकरण तिथवर गेले नाही. काका आठव्या दिवशी म्हणाले, "अर्थिंगचं करतो, डब्याचं अर्धं तू दे." मी डब्याचे निम्मे, २,१०० रुपये दिले आणि त्याची नोंद दोघांच्या सहीने अंदाजपत्रकावरच केली. हिशोबाने पाहिले तर मी द्यायला नको होते. पण मे महिना तोंडावर होता.

९. काम झाल्यावर लगेच काय तपासायचे

इलेक्ट्रिशियन निघून जायच्या आत तोच बल्ब पुन्हा लावून बघा, आता नव्या खड्ड्यावर. तो लख्ख पेटला पाहिजे. ही चाचणी आरसीसीबीच्या पुढे केली तर आरसीसीबी पडेल, आणि तो पडणेच बरोबर आहे. म्हणून बल्ब त्याच्या आधीच्या बाजूला लावायचा.

सॉकेट नळापासून दूर, पाणी उडणार नाही अशा उंचीवर आहे ना, आणि मशीनची स्वतःची वायर तिथवर पोचते ना, हे मशीन जागेवर ढकलूनच बघा. आमच्याकडे सॉकेट हातभर लांब पडला होता. पट्टी आणखी पुढे नेऊन तो सरकवून घेतला.

पहिल्याच संध्याकाळी आमचा आरसीसीबी तीनदा पडला. काका वरून ओरडले, "नवं आणलंय तेच खराब!" खराब तो नव्हता. दिवाणखान्यातला रात्रीचा छोटा दिवा लावला की तो पडत होता, कारण कुण्या काळी कुणीतरी त्या दिव्याला न्यूट्रल न ओढता अर्थिंगवरच चालवला होता. जुन्या घरात आरसीसीबी बसवला की अशा जुन्या चोऱ्या उघड्या पडतात. सगळे स्विच बंद करून एकेक चालू करत गेलात की सापडते. इलेक्ट्रिशियनला कंटाळून आरसीसीबी काढून टाकू देऊ नका. त्या दिव्याला न्यूट्रल ओढायला त्याला वीस मिनिटे लागली आणि त्याचे वेगळे पैसे त्याने घेतले नाहीत.

आरसीसीबीवर एक छोटे टेस्ट बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबायचे, खटका खाली पडला पाहिजे. आमच्याकडे वीजबिल आले की काकाच ते दाबतात, आणि वरून आवाज देतात, "मशीन बंद आहे का गं?"